फ्रेममधल्या प्रमाणपत्राच्या फोटोत खिडकी उमटते: कारण, तपासणी आणि उपाय

तक्रार नेहमी एकच असते. भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो काढला, फोनच्या स्क्रीनवर बरा दिसला, आणि मोठा करून पाहिला तर नेमका सही-शिक्क्यावर खिडकीचा पांढरा चौकोन बसलेला. त्यातले गज मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. दुसरा फोटो काढला तर चौकोन नावावर सरकला. तिसऱ्या वेळी फ्लॅश लागला आणि मधोमध पांढरा गोळा आला. मग कुणीतरी सुचवतं, अॅपमध्ये टाकून ‘ब्राइटनेस’ कमी कर. तसं केल्यावर सगळा कागद काळवंडतो आणि चौकोन मात्र जागच्या जागी राहतो.

आपल्याकडच्या गावातल्या घरात हा त्रास जास्त होतो, त्याला कारण आहे. बैठकीच्या खोलीला एक दार आणि एक-दोन छोट्या खिडक्या, भिंती निळ्या नाहीतर हिरव्या रंगाच्या, आत सावली आणि बाहेर भगभगीत अंगण. आतल्या भिंतीपेक्षा बाहेरचं आकाश शंभर पट उजळ सहज असतं. साधी काच समोरून येणाऱ्या उजेडातला सुमारे ८ टक्के परत फेकते, ४ टक्के पुढच्या पृष्ठभागावरून आणि ४ टक्के मागच्या. आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण शंभर पट उजळ आकाशाचे ८ टक्के म्हणजे खोलीतल्या मंद उजेडातल्या कागदाच्या कितीतरी वर. कागद तिथं हरतो.

म्हणून फोटो काढताना ‘उजेड कुठून येतो’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: फोनच्या जागेवरून पाहिलं तर काचेत काय दिसतं? काचेला अंधार दाखवला की काम झालं. खाली जे काही आहे ते सगळं काचेला अंधार दाखवायच्याच वेगवेगळ्या रीती आहेत, आणि शेवटी, अंधार दाखवायचं राहून गेलेल्या फोटोचं काय करायचं तेही.

आधी पाहा, चकाकी कसली आहे

कडा स्पष्ट असलेला चौकोन, त्यात गज किंवा दाराची चौकट दिसते: ही काचेतली खिडकी. लांबट पांढरी पट्टी: ट्यूबलाइट. सगळ्या कागदावर सारखंच दुधाळ पटल: बहुतेक वेळा हे प्रतिबिंब नसतंच, काचेवरची धूळ आणि चुलीच्या धुराचा थर असतो. तिरपा उजेड पडला की तो थर उजळतो. आधी सुक्या कापडानं धूळ झटका, मग किंचित ओल्या सुती कापडानं पुसा. पाणी कापडावर घ्यायचं, काचेवर शिंपडायचं नाही. ओघळ फ्रेमच्या खाचेतून आत जातो आणि कागदावर डाग धरतो.

काळ्या भागातच काहीतरी दिसतं, पांढऱ्या भागात नाही: हा फोटो काढणाऱ्याचा शर्ट. पांढरा कागद स्वतः भरपूर उजेड परत देत असतो, त्याच्यापुढं शर्टाचं प्रतिबिंब झाकून जातं. पण प्रमाणपत्राची काळी किनार, गडद माऊंट, किंवा आजोबांच्या फोटोतला काळा कोट यांच्याकडून परत येणारा उजेड इतका थोडा असतो की पांढरा सदरा त्यात लगेच उभा राहतो. लाल सदरा असेल तर किनारीला लाली येते आणि लोक प्रिंटरला दोष देतात. गडद, बिनचमकीचा शर्ट घाला, एवढाच त्यावर इलाज. कापसाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट होते: वेचणी होऊन बैठकीत कापूस भरलेला असतो, आणि खिडकी बंद करूनही फोटोत खालून पांढरट फुगवटा येतो. तो कापसाचा ढीग असतो. काचेसमोर तोच असतो ना.

लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र असेल तर चकाकी वेडीवाकडी, लाटांसारखी येते, कारण प्लॅस्टिक सपाट नसतं आणि प्रत्येक फुगवटा वेगळ्या दिशेला पाहतो. तिथं खाली सांगितलेलं अंतराचं गणित चालत नाही. त्याच्यावर सरळ काळ्या कापडाचाच उपाय करा, आणि कापड गणितात येईल त्यापेक्षा मोठं घ्या.

नक्की कुठली वस्तू काचेत शिरते आहे ते कळत नसेल तर दाढीचा छोटा आरसा घ्या. तो फ्रेमच्या काचेला सपाट टेकवा आणि फोन जिथं असेल तिथं डोळा ठेवून आरशात पाहा. आरसा चारी कोपऱ्यांना आणि मधोमध असा पाच जागी टेकवायचा. त्यात जे दिसेल तेच फोटोत उमटणार. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढचे दहा फोटो वाचतात.

फ्रेम काढता येत असेल तर काढाच

भिंतीवरून काढायला लोक कंटाळतात, पण सर्वात चांगला निकाल यातच आहे. कारण फक्त चकाकीचं नाही. फ्रेम समोर अंधार करून ठेवली की तुम्ही दोन फुटांवर जाऊन फोटो काढू शकता, आणि जवळून काढला की अक्षरं भरपूर पिक्सेलांत येतात. लांबून काढलेल्या फोटोत चकाकी नसली तरी बारीक मजकूर वाचता येत नाही, तो त्रास पुढं येतोच.

काढताना दोरीकडं पाहा. जुन्या फ्रेमची सुतळी मागून कुजलेली असते, वरच्या खिळ्यावर नुसती टेकलेली असते. एक हात खालच्या कडेखाली धरल्याशिवाय दोरी सोडू नका. मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागली असेल तर तो झटकायला घरात नेऊ नका. आणि काच उघडून कागद बाहेर काढायचा मोह झाला तर आधी बाजूनं टॉर्च धरून पाहा: कागद किंवा जुना फोटो काचेला चिकटलेला असेल तर तिथं ओलसर, गडद डाग दिसतो. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन असं होतं. चिकटलेला असेल तर उघडायचं नाही. ओढला की शाई किंवा फोटोचा थर काचेवरच राहतो.

आता जागा. दाराच्या आत, चौकटीपासून तीन-चार फुटांवर एक खुर्ची ठेवा आणि तिच्यावर फ्रेम उभी करा. तोंड बाहेर नको, अंगणाकडंही नको. फ्रेमचं तोंड आतल्या काळोख्या खोलीकडं असावं, म्हणजे दाराचा उजेड फ्रेमवर बाजूनं, थोडा समोरून, तिरपा पडेल. फोन आतल्या बाजूला, त्याच्या मागं माजघराचा अंधार. काचेला आता तोच अंधार दिसतो. घरातले दिवे बंद ठेवा. ट्यूब आणि दाराचा उजेड एकत्र झाले की कागद अर्धा निळसर, अर्धा पिवळसर येतो आणि ते नंतर सुधारणं चकाकीपेक्षा कटकटीचं.

उजेड एका बाजूनं आल्यावर दाराकडची कड उजळ आणि पलीकडची मंद येणार. पलीकडच्या बाजूला, फ्रेमपासून दीड-दोन फुटांवर, पांढरं धोतर खुर्चीच्या पाठीवर टाका किंवा दोन फुटी थर्मोकोलचा तुकडा उभा करा. तो फ्रेमच्या बाजूला हवा, समोर नको. समोर आला की काचेत तोच दिसेल, आरशानं तपासा. फ्रेमची लाकडी पट्टी जाड असेल आणि उजेड फारच आडवा येत असेल तर पट्टीची सावली कागदाच्या कडेवर पडते. अशा वेळी खुर्ची थोडी फिरवून उजेड ४५ अंशांच्या आसपास आणा.

फ्रेम भिंतीतच ठोकलेली असेल तर

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा शाळेत फ्रेम पट्ट्या मारून पक्की केलेली असते, ती काढता येत नाही. इथं एक काळं कापड लागतं आणि त्याचा आकार ठरवायला सोपा नियम आहे: कापड फोनच्या पातळीला धरलं तर ते फ्रेमच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच हवं. फोन फ्रेमपासून दोन फुटांवर असो की पाच फुटांवर, नियम तोच. १८ इंच रुंद आणि १४ इंच उंच फ्रेमसाठी ३६ इंच बाय २८ इंच. एक मीटर बाय एक मीटर सुती काळं कापड घेतलं की पुरतं. चमकदार अस्तराचं किंवा साटीनचं नको, ते स्वतःच उजेड फेकतं. घरात काळी घोंगडी असेल तर तिच्यासारखं काही नाही. लोकर उजेड पिऊन टाकते.

कापडाच्या मधोमध दीड इंचाचं भोक पाडा, त्यातून फोनचा कॅमेरा बाहेर काढा. घोंगडीला भोक पाडायला कुणी देणार नाही. ती दोरीवर अशी टाका की तिची वरची कड फोनच्या लगेच खाली येईल, आणि वरच्या बाजूला दुसरं कापड किंवा उघडलेली काळी छत्री धरा. दोघं लागतात. फोन स्टँडवर किंवा स्टुलावर रचलेल्या पुस्तकांवर टेकवा आणि ३ सेकंदांचा टायमर लावा, कारण कापडामागं खोली अंधारते आणि हातात धरलेला फोन हलतो.

इथं एक गोष्ट हमखास चुकते. जुनी फ्रेम भिंतीला सपाट नसते, वरून पुढं झुकलेली असते. १४ इंच उंच फ्रेमची वरची कड भिंतीपासून ३ इंच पुढं असेल तर ती सुमारे १२ अंश झुकलेली आहे, आणि आरशासारखी काच तितकी झुकली की प्रतिबिंब दुप्पट, म्हणजे जवळपास २५ अंश खाली वळतं. मग समोरची खिडकी तिच्यात येतच नाही. येतो तो उंबरठा आणि त्याच्या पलीकडचं उन्हानं तापलेलं अंगण. खिडकीवर सतरंजी लावूनही चकाकी जात नाही म्हणून लोक हैराण होतात, ते यामुळं. खालच्या कडेमागं लाकडाचा ठोकळा किंवा घडी केलेलं वर्तमानपत्र सारून फ्रेम भिंतीला समांतर करा. समांतर झाली की नाही ते आरशानं कळतं: आरसा काचेवर ठेवून फोनमध्ये पाहिलं की फोनचाच डोळा आरशाच्या मध्यावर दिसला पाहिजे.

कापड नाही, एकटेच आहात: बाजूला सरका

एक उदाहरण पूर्ण मांडून पाहू. खोली १२ फूट खोल आहे. फ्रेम १८ इंच, म्हणजे दीड फूट रुंद. तिच्या बरोबर समोरच्या भिंतीत ३ फूट रुंदीची खिडकी, आणि तुम्ही फ्रेमकडं तोंड करून उभे राहिलात तर तुमच्या पाठीमागं, उजव्या हाताला, दार. डावीकडची मागची भिंत कोरी.

समोरच्या भिंतीचा किती भाग काचेत दिसणार ते असं काढायचं: खोलीच्या खोलीला फोनच्या अंतरानं भागा, त्यात १ मिळवा, आणि त्या आकड्यानं फ्रेमची रुंदी गुणा. फोन ३ फुटांवर असेल तर १२ भागिले ३ म्हणजे ४, अधिक १ म्हणजे ५. दीड फुटाची पाचपट साडेसात फूट. एवढ्यात खिडकीही येते आणि दाराचा तुकडाही. फोन ६ फुटांवर नेला तर १२ भागिले ६ म्हणजे २, अधिक १ म्हणजे ३, साडेचार फूट. मागं सरकलं की पट्टा अरुंद होतो. खिडकी अजून त्यातच आहे, पण आता तिला बाहेर ढकलणं सोपं.

सहा फुटांवरच राहून २ फूट उजवीकडं सरका. पट्टा उलट दिशेला सरकतो, आणि या खोलीत दुप्पट, म्हणजे ४ फूट डावीकडं. आता त्याची उजवी कड मधल्या रेषेपासून पावणेदोन फूट डावीकडं आली. खिडकी मधल्या रेषेपासून दीड फुटावर संपते. खिडकी बाहेर, फक्त तीन इंचांनी, पण बाहेर. उलट, डावीकडं सरकला असतात तर पट्टा दारावर गेला असता. कुठल्या बाजूला सरकायचं हे त्यामुळं आधी ठरवायचं: ज्या बाजूला कोरी भिंत आहे, तिच्या विरुद्ध बाजूला.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, फोटो तिरपा येतो. कोन सुमारे १८ अंशांचा आहे. फ्रेमची डावी कड लांब पडल्यानं उजव्या कडेपेक्षा साधारण ७ टक्के लहान दिसते. फोटो सुधारायच्या `GIMP` या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये हे सरळ करायला `Perspective` हे साधन घ्या, त्याच्या पर्यायांत `Direction` समोर `Corrective (Backward)` निवडा, जाळीचे चार कोपरे प्रमाणपत्राच्या चार कोपऱ्यांवर बसवा आणि `Transform` दाबा. नंतर कागदाची खरी लांबी-रुंदी टेपनं मोजून `Image > Scale Image` मध्ये, साखळीचं चिन्ह तोडून, तेच प्रमाण द्या. हे राहिलं तर अक्षरं किंचित आखूड किंवा लांबट दिसतात आणि पाहणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, नुसतं खटकतं.

दोन, पिक्सेल. साध्या १२ मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्यातून सहा फुटांवरून ही फ्रेम जेमतेम सहाशे-सातशे पिक्सेल रुंद येते. शीर्षक वाचता येतं, खालची बारीक ओळ नाही. बोटांनी झूम करून उपयोग नाही. तो बऱ्याच फोनमध्ये नुसता कापून मोठा करतो. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा, ५० मेगापिक्सेलचा मोड असेल तर चांगल्या उजेडात तो लावा. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याकडचा कॅमेरा आणि ५० मिलीमीटरची लेन्स असेल तर सहा फूट हेच बरोबर अंतर आहे, तीन हजार पिक्सेलपर्यंत रुंदी मिळते. यातलं काहीच नसेल तर सरकण्यापेक्षा कापडच बरं.

‘पोलराइझर लावला की चकाकी जाते’ असं ऐकून लेन्सवर बसवायचा हा फिल्टर विकत घेणारे पुष्कळ. तो काम करतो, पण काचेकडं समोरून न पाहता सुमारे ५६ अंश तिरपं पाहिलं तर. समोरून त्याचा काचेवर काही परिणाम नसतो, आणि १८ अंशांवरही फार नाही. ५६ अंशांवरून काढलेला प्रमाणपत्राचा फोटो सरळ करण्यात अर्थ नसतो.

चकाकी हटतच नाही: दोन फोटोंचा एक

कधी दार उघडं ठेवावंच लागतं, खिडकीला कवाडंच नाहीत, आणि सरकायला जागा नाही. तेव्हा चकाकी काढून टाकायचा प्रयत्न सोडा. ती दोन फोटोंत दोन वेगळ्या जागी आणा.

प्रतिबिंबाचा एक गुण इथं कामी येतो: ते उजेड वाढवतं, कमी कधी करत नाही. त्यामुळं एकाच जागेच्या दोन फोटोंत जो पिक्सेल जास्त गडद, तो खरा कागद. पहिला फोटो फ्रेमच्या डावीकडून काढा, दुसरा उजवीकडून, इतकं सरकून की दोन्हींतले पांढरे चौकोन एकमेकांवर येणार नाहीत. पहिल्या फोटोआधी कागदावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा आणि दुसऱ्यापर्यंत तो सोडू नका. लॉक सुटला आणि एक फोटो जास्त गडद आला तर जोडताना सगळा कागद त्याच फोटोतून येईल, त्यातल्या चकाकीच्या कडेसकट.

`GIMP` मध्ये `File > Open as Layers` नं दोन्ही एकत्र उघडा. वर सांगितलेल्या `Perspective` नं दोन्ही थर सरळ आणि एकावर एक करा. इथं कोपरे प्रमाणपत्राच्या छापील किनारीचे धरायचे, फ्रेमच्या लाकडाचे नाहीत. लाकूड कागदाच्या पुढं असतं. ते दोन्ही फोटोंत जुळवलं की कागद एक-दोन मिलीमीटर सरकलेला राहतो आणि प्रत्येक अक्षर दुहेरी दिसतं. किनार बरोबर जुळली आणि लाकूड विसंगत दिसतंय, तर समजा बरोबर झालं. लाकूड शेवटी कापूनच टाकायचं.

आता वरच्या थराचा `Mode` बदलून `Darken only` करा. दोन्ही चौकोन गेले पाहिजेत. जिथं जुळणी अर्ध्या पिक्सेलनं चुकली असेल तिथं अक्षरं जाड झालेली दिसतील, कारण दोन्ही फोटोंतली काळी कड एकत्र आली. ते टाळायचं असेल तर `Darken only` सगळ्या चित्रावर लावू नका: `Mode` परत `Normal` करा, वरच्या थराला `Layer > Mask > Add Layer Mask` मधून काळा मास्क द्या, म्हणजे तो थर सगळा झाकला जाईल, आणि खालच्या थरात जिथं चकाकी आहे तेवढ्याच जागी मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशनं रंगवा. बाकी कागद एकाच फोटोतला राहतो, अक्षरं करकरीत राहतात. आम्हाला हीच रीत जास्त पटते. वेळ पाच मिनिटं जास्त लागतो.

फोटो आधीच काढलेला आहे, फ्रेम आता हाताशी नाही

आधी मूळ फाइल मागवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला असेल तर तो लहान झालेला असतो. पाठवणाऱ्याला `Document` म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. मग चकाकीच्या आत काही उरलंय का ते पाहा. `Color Picker` घ्या, त्याच्या पर्यायांत `Use info window` लावा आणि चकाकीच्या मध्यावर टिचकी मारा. लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ असतील तर तिथं फाइलमध्ये पांढऱ्याशिवाय काही नाही. कुठल्याही साधनानं ते परत येणार नाही.

२५५ च्या खाली असेल तर आशा आहे. ब्राइटनेस कमी करून का भागत नाही ते एका उदाहरणावरून कळेल. समजा चकाकीबाहेर शाईचा आकडा ४० आहे आणि कागदाचा २००. चकाकीच्या आत तीच शाई १२० झालेली दिसते, आणि कागद २२४. म्हणजे काळं ८० नं वर चढलं, पांढरं फक्त २४ नं. सगळं सारखंच खाली ओढलं तर किंवा शाई बरोबर होईल, किंवा कागद, दोन्ही नाही. खरं नुकसान काळ्याचं झालंय, आणि तेच दुरुस्त करायचं.

`Free Select` नं चकाकीभोवती रेघ ओढा, `Select > Feather` मध्ये चकाकीच्या कडेइतकी मऊ पट्टी द्या. खिडकीची कड धारदार असेल तर ३ ते ५ पिक्सेल, धूसर असेल तर ३० पर्यंत. मग `Colors > Levels` उघडा. `Input Levels` च्या डावीकडं १२०, उजवीकडं २२४. `Output Levels` च्या डावीकडं ४०, उजवीकडं २००. चकाकीतली शाई बाहेरच्या शाईला आणि आतला कागद बाहेरच्या कागदाला जाऊन मिळतो. आकडे तुमच्या फोटोतून मोजून घ्यायचे, हे नव्हेत. खिडकीतून येणारा उजेड निळसर असतो, म्हणून `Channel` बदलून लाल, हिरवा, निळा वेगवेगळे केले तर निळी छटाही जाते. गज दिसत असतील तर प्रत्येक गजामधला पट्टा वेगळा निवडावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

दुरुस्त भागात दाणे जास्त दिसणारच, कारण १०४ पायऱ्यांचा मजकूर १६० पायऱ्यांवर ताणलेला असतो. ते दाणे घासून गुळगुळीत करू नका, अक्षरांच्या कडाही सोबत जातात.

आणि जिथं तिन्ही आकडे २५५ आहेत तिथं `Clone` किंवा `Heal` नं सही, शिक्का, नाव, तारीख यातलं काही भरायचं नाही. चित्राच्या आकाशाचा किंवा कोऱ्या माऊंटचा तुकडा भरला तर हरकत नाही. प्रमाणपत्रावरचं अक्षर भरलं की तो फोटो राहत नाही, बनावट कागद होतो, आणि अर्जासोबत लागला तर अडचण तुमचीच. तिथं पांढरा डाग तसाच ठेवून फाइल द्या, किंवा ज्या घरी फ्रेम आहे तिथल्या माणसाला काळं कापड आणि दाढीचा आरसा घेऊन पुन्हा उभं करा.